आधी थायरॉईड, मग कोलेस्टेरॉलचा हिशेब

*डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी ४६ वर्षांची, इंदिरानगरला राहते, घरीच शिवणकाम करते. चैत्रात वणीच्या गडावर पायऱ्या चढताना इतका दम लागला की दोनदा बसावं लागलं. आल्यावर तपासण्या केल्या. कोलेस्टेरॉल २७६, त्यात एलडीएल १८९. बीपी १३४/९८. नाडी ५६. इकोत पंपिंग ६० टक्के, पण 'ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन' लिहिलंय आणि हृदयाभोवती थोडं पाणी आहे म्हणे. टीएसएच ४६ आला. शुगर नाही. डॉक्टरांनी थायरॉईडची ५० ची गोळी दिली, बीपीची एक दिली, पण कोलेस्टेरॉलची गोळी मुद्दाम दिली नाही. तीन महिने थांबू म्हणाले. माझे दीर म्हणतात, हृदयाचं दुखणं सोडून गळ्याचं औषध कसलं देतात? डॉक्टर बदलू का? माझं हृदय खराब झालंय का? आणि बीपीची गोळी आता जन्मभर का?*

ताई, डॉक्टर बदलू नका. त्यांनी लावलेला क्रम बरोबर आहे. तो का बरोबर आहे, हे तुमच्या दिरांनाही पटावं अशा पद्धतीने सांगते. पत्र वाचून दाखवा त्यांना. तुमच्या कागदांवर त्यांना तीन-चार आजार दिसतात. मला एकच दिसतो, मंदावलेलं थायरॉईड, आणि बाकीचे बहुतेक आकडे त्याच्या मागून आलेले आहेत. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा मेंदूकडचा हुकूम. थायरॉईड मंदावलं की तो चढतो, म्हणून तुमचा ४६.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांना घोट्याची तपासणी करायला सांगा. खुर्चीवर गुडघे टेकून पाठमोरं बसायचं, पावलं मागे मोकळी लोंबू द्यायची. टाचेच्या वर जी जाड दोरीसारखी शीर हाताला लागते तिच्यावर डॉक्टर रबरी हातोडीने हलकं ठोकतात. पोटरी आखडते, पाऊल झटकन मागे जातं आणि लगेच जागेवर येतं. निरोगी माणसात हे जाणं-येणं डोळ्याला वेगळं दिसतच नाही. थायरॉईड मंदावलेल्या माणसात पाऊल मागे जातं, पण परत येताना रेंगाळतं, पाण्यातून सरकावं तसं. दीर सोबत असतील तर त्यांना जवळ उभं करा. तुमचा टीएसएच ४६ आहे, त्यामुळे त्यांनाही ते नुसत्या डोळ्यांनी दिसेल अशी दाट शक्यता आहे.

पाऊल का रेंगाळतं? स्नायू आखडतो तेव्हा त्याच्या पेशीत साठवणीतलं कॅल्शियम बाहेर सुटतं. स्नायू सैल पडायचा तर ते कॅल्शियम पुन्हा साठवणीत ओढून घ्यावं लागतं, आणि हे ओढायचं काम पेशीतले बारीक पंप करतात. हे पंप किती तयार व्हायचे, हे थायरॉईडचं हार्मोन ठरवतं. हार्मोन कमी पडलं की पंप कमी, आणि पंप कमी की स्नायू आखडतो ठीक पण सुटायला वेळ घेतो.

आता हीच गोष्ट हृदयात बघा. हृदय आकुंचन पावतं तेव्हा रक्त बाहेर जातं आणि सैल पडतं तेव्हा त्यात रक्त भरतं. तुमचं आकुंचन चांगलं आहे, पंपिंग ६० टक्के म्हणजे अगदी नॉर्मल. सैल पडणं तेवढं मंद झालंय. 'डायस्टॉलिक डिसफंक्शन' या भीतीदायक शब्दांचा अर्थ एवढाच, आणि 'ग्रेड वन' म्हणजे त्यातली सगळ्यात सौम्य पायरी. घरात मशीनवर बसलेल्या असता तेव्हा तुमची नाडी ५६ असते. दोन ठोक्यांमध्ये भरपूर वेळ मिळतो, हृदय सावकाश का होईना भरतं, म्हणून तुम्हाला काही जाणवत नाही. गडाच्या पायऱ्या चढताना शरीराला जास्त रक्त हवं असतं, ठोके जलद पडावे लागतात आणि दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो. हृदय पुरतं सैल पडायच्या आत पुढचा ठोका येतो. मग मागून येणाऱ्या रक्ताचा दाब फुप्फुसांकडे सरकतो आणि दम लागतो. त्यात हात-पायांचे स्नायूही याच कारणाने लवकर थकतात. तुम्ही दोनदा बसलात ते यामुळे. तेव्हा हृदय खराब झालंय का, या प्रश्नाचं माझं उत्तर: खराब नाही, मंद झालंय. मंद झालेलं परत वेगात येतं, हे पुढे सांगते.

हृदयाभोवतीच्या पाण्याचंही थोडं सांगते, कारण त्याने माणसं रात्रीची झोप घालवतात. थायरॉईड कमी असलं की बारीक रक्तवाहिन्यांतून प्रथिनं आणि पाणी पाझरतं आणि त्याचा निचराही मंद होतो. चेहऱ्यावर, पापण्यांवर जी सूज येते तोच हा प्रकार, हृदयाच्या आवरणात. हे पाणी फार हळूहळू साचत असल्यामुळे आवरण ताणत जातं आणि हृदयावर सहसा दाब येत नाही. थोडं असेल तर ते सुईने काढायचं नसतं. गोळीने काही महिन्यांत आपोआप ओसरतं.

बीपीकडे येऊ. तुमच्या बीपीत वरचा आकडा नावापुरता वाढलाय आणि खालचा चांगलाच वर गेलाय. वरचा आकडा हृदय ठोका देतं त्या क्षणाचा. खालचा आकडा दोन ठोक्यांमध्ये, हृदय विसावलेलं असताना, रक्तवाहिन्यांत टिकून राहिलेल्या दाबाचा. तो मुख्यत्वे लहान रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत यावर ठरतो. थायरॉईडचं हार्मोन या वाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंना सैल ठेवतं. ते कमी पडलं की भिंती आवळतात, रक्ताला पुढे सरकायला अडचण होते आणि खालचा आकडा चढतो. इकडे हृदय हळू आणि कमी जोराने चालतं, म्हणून वरचा आकडा त्या प्रमाणात चढत नाही. दोन्ही आकड्यांमधलं अंतर आकसतं. तुमचं अंतर ३६ आहे. वयोमानाने येणाऱ्या बीपीत बहुतेक वेळा उलटं दिसतं, वरचा वाढतो आणि अंतर रुंदावतं. नाडी मंद, खालचा आकडा चढलेला, अंतर आकसलेलं, हे तिन्ही एकत्र दिसलं की मी टीएसएच लिहून देते, पेशंट दाताच्या दुखण्यासाठी आलेला असला तरी.

राहिलं कोलेस्टेरॉल. इथे दिरांना लासलगावची आठवण करून द्या. मार्केट यार्डात कांद्याचे ट्रॅक्टर रांगा लावून उभे आहेत म्हणजे आवकच वाढली असेल असं नाही. आवक नेहमीचीच किंवा थोडी कमीही असेल, पण व्यापाऱ्यांनी उचल थांबवली की यार्ड तुंबतं. तुमच्या रक्ताचं तसंच झालंय. एलडीएल म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते. ते रक्तातून उचलून घ्यायचं काम यकृत करतं, आणि ते उचलण्यासाठी यकृताच्या पेशींवर ग्राहक असतात. डॉक्टर त्यांना रिसेप्टर म्हणतात. हे ग्राहक किती असावेत हे थायरॉईडचं हार्मोन ठरवतं. तुमच्या यकृतावरचे ग्राहक कमी झालेत. शिवाय उचललेलं कोलेस्टेरॉल पित्तात घालून बाहेर टाकायचं कामही मंदावलंय. शरीर कोलेस्टेरॉल तयार करतंय नेहमीपेक्षा कमीच, पण उठाव त्याहून कमी. म्हणून १८९. तुम्ही तूप सोडलंत, शेंगदाण्याचा कूट सोडलात, तरी या आकड्यात फार फरक पडणार नाही, कारण अडचण ताटात नाहीच.

मग कोलेस्टेरॉलची गोळी दिली असती तर काय बिघडलं असतं? हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलेय, म्हणून सविस्तर सांगते.

बरीच वर्षं झाली. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे आले होते. वय ५४, तंबाखूची सवय. एलडीएल २०४, बीपी १४०/१००. मी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलचं औषध, लिहून दिलं, बीपीची गोळी दिली, तेल-तूप कमी करायला सांगितलं आणि पाठवून दिलं. टीएसएच केला नाही. त्यांचा आवाज थोडा घोगरा होता, मी तो तंबाखूवर ढकलला. सहा-सात आठवड्यांनी, ऑक्टोबरची छाटणी सुरू असताना, ते परत आले. म्हणाले, "मॅडम, मांडवाखाली हात वर करून दहा मिनिटंसुद्धा कातर धरवत नाही. संध्याकाळी तांब्या उचलायला दुसरा हात लागतो." दंड दाबले तर कळवळले. सीपीके म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, तो दोनशेच्या आत असायचा तो १९०० आला. तेव्हा कुठे मी टीएसएच केला. ७१.

थायरॉईड कमी असलेल्या शरीरात स्नायू आधीच दुखरे आणि मंद असतात. नुसत्या थायरॉईडमुळेही सीपीके वाढतो. त्यावर स्टॅटिन पडलं की स्नायूंना इजा होण्याचा धोका आणखी वाढतो. आणि गंमत अशी नाही, दुःख असं आहे की त्या गोळीची त्या वेळी गरज कितपत होती हेही मला माहीत नव्हतं. स्टॅटिन शेवटी करतं काय, तर यकृतावरचे ग्राहक वाढवतं. थायरॉईडची गोळीही तेच करते.

स्टॅटिन लगेच बंद केलं. त्यांचं वय, तंबाखू आणि बीपी बघता हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असू शकत होता, म्हणून ईसीजी काढून थायरॉईडची गोळी २५ मायक्रोग्रॅमवर सुरू केली आणि दर सहा आठवड्यांनी थोडी वाढवत नेली. महिन्याभरात आवाज मोकळा होऊ लागला. तीन महिन्यांत सीपीके नॉर्मल. टीएसएच नॉर्मल पट्ट्यात यायला साधारण पाच महिने लागले. तेव्हा, स्टॅटिन एकही न घेता, एलडीएल १३८ वर आलं होतं. बीपीचा खालचा आकडा ८६. पण गोष्ट इथे संपली नाही. १३८ हा आकडा ५४ वर्षांच्या, तंबाखू खाणाऱ्या, बीपी असलेल्या माणसाला चालत नाही. म्हणून मग कमी ताकदीचं स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. या वेळी स्नायू दुखले नाहीत. पुढच्या छाटणीला ते मजुरांच्या बरोबरीने मांडवाखाली उभे होते.

तुमच्या डॉक्टरांनी जे तीन महिने मागितलेत ते यासाठी. थांबणं म्हणजे दुर्लक्ष नाही, मोजमाप आहे. टीएसएच पट्ट्यात आल्यावर जे एलडीएल उरेल ते तुमचं खरं एलडीएल. त्यावर निर्णय घ्यायचा. अर्थात प्रत्येकाने थांबायचं नसतं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या, अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाचं स्टॅटिन थायरॉईड निघालं म्हणून बंद करायचं नाही. तिथे डॉक्टर दोन्ही चालू ठेवून स्नायूंवर लक्ष ठेवतात. तुमचं तसं काही नाही, शुगर नाही, म्हणून तुम्हाला थांबायला मुभा आहे.

आता कुठली गोष्ट कधी सुधारेल ते सांगते, कारण तिथेच माणसांचा धीर सुटतो. सगळं एकदम सुधारत नाही. पहिल्या तीन-चार आठवड्यांत पापण्यांची सूज, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ कमी होऊ लागतं आणि नाडी ५६ वरून वर सरकते. शरीरात साठलेलं पाणी लघवीवाटे जातं, वजन दोन-तीन किलो उतरतं. त्यापुढचं वजन या गोळीने उतरत नाही, तेव्हा वजनासाठी डोस वाढवून मागू नका. रक्तात हार्मोन वाढायला लागलं की एलडीएल काही आठवड्यांतच उतरायला लागतं, पण उतार पूर्ण व्हायला टीएसएच पट्ट्यात यावा लागतो. सुरुवातीचा टीएसएच जितका जास्त, तितका उतार मोठा. तुमचा टीएसएच ४६ आहे, म्हणून मला चांगल्या उताराची आशा आहे. पण तुमचं वय पाळी जाण्याच्या आसपासचं आहे आणि त्या काळात एलडीएल थोडं वाढतंच. तो भाग थायरॉईडच्या गोळीने जाणार नाही.

खालच्या बीपीला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. काहींचा आकडा पूर्ण नॉर्मल होतो आणि बीपीची गोळी सुटते. काहींचा उतरतो पण पुरता नाही. वय जास्त असेल, बीपी बरीच वर्षं असेल, घरात आई-वडिलांना बीपी असेल, तर रक्तवाहिन्यांच्या भिंती मुळातच ताठ झालेल्या असतात आणि तेवढं ताठपण राहतं. तुमचं वय कमी आहे, बीपी आत्ताच सापडलंय, म्हणून गोळी सुटण्याची शक्यता तुमच्या बाजूने आहे. पण ती तुम्ही आपल्या मनाने सोडायची नाही. त्याऐवजी हे करा: आठवड्यातून दोन दिवस, सकाळी चहाआधी, पाच मिनिटं पाठ टेकून बसल्यावर घरी बीपी मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. थायरॉईड सुधारत जाईल तसं पूर्वीच्या बीपीच्या डोसचा परिणाम जास्त व्हायला लागू शकतो. उठून उभं राहताना अंधारी आली, वरचा आकडा सारखा ११० च्या खाली दिसू लागला, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची वेळ झालेली असेल. मीठ कमी करा, पण बीपीसाठी सैंधव सुरू करण्याच्या सल्ल्याला बळी पडू नका. सैंधवात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. साधं आयोडीनयुक्त मीठच, जरा कमी.

सगळ्यात शेवटी सुधारतं हृदयाचं सैल पडणं. पेशीतले ते पंप पुन्हा तयार व्हायला लागतात तशी सुधारणा सुरू होते, पण इकोच्या रिपोर्टवर ती नीट दिसायला काही महिने जातात. आवरणातलं पाणीही तसंच सावकाश जातं. म्हणून महिन्याभरात घाबरून पुन्हा इको करू नका, खर्च वाया जाईल आणि जुनंच वाक्य पुन्हा वाचून पुन्हा झोप उडेल. साधारण सहा महिन्यांनी करा. घोट्याची हातोडी मात्र फुकट आहे, दर भेटीला मारून बघायला सांगा. पाऊल जसजसं झटकन परत यायला लागेल, तसं आत काय चाललंय याचा अंदाज येईल.

डोसविषयी एक हिशेब देते. थायरॉईड जवळजवळ बंद पडलेल्या माणसाला दिवसाला साधारण दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतं. तुमचं वजन ६५ किलो धरलं तर १०४, म्हणजे १०० ची गोळी. पण हृदयाभोवती पाणी आणि बीपी असताना डॉक्टरांनी ५० वर सुरुवात केली हे मला पटतं. ही गोळी शरीरात फार काळ टिकते, रक्तातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायला जवळपास आठवडा लागतो. म्हणून नवा डोस स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच करायचा असतो. पंधरा दिवसांत करून 'गोळी लागू पडत नाही' म्हणणारे खूप भेटतात.

गोळी लागू न पडण्याची खरी कारणं बहुतेक वेळा स्वयंपाकघरात सापडतात. गोळी सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहाला किमान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबायचं. नाशिकमध्ये चहाशिवाय तास काढणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. तरीही. चहासोबत घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चार तासांनी, म्हणजे सरळ दुपारच्या जेवणानंतर. पित्ताची गोळी रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, तिनेही शोषण कमी होतं. उपवासाच्या दिवशी गोळी चुकवायची नाही. गोळी म्हणजे फराळ नव्हे. बाटली गॅसच्या ओट्यावर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, थंड कोरड्या कपाटात ठेवा. आणि केस गळतात म्हणून कुणी बायोटिनच्या गोळ्या दिल्या असतील तर रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा. बायोटिनमुळे बऱ्याच लॅबमधल्या तपासणीत टीएसएच खोटा कमी येतो, आणि डोस उगाच कमी केला जातो.

डोस जास्त झाला तरीही नुकसान आहे. टीएसएच पट्ट्याच्या खाली जात राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात. गोळी सुरू झाल्यावर चालताना छातीत दाब येऊ लागला, धडधड थांबेनाशी झाली, किंवा आडवं झाल्यावर दम लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मंद हृदयाला वेग मिळाला की त्याला रक्तही जास्त लागतं, आणि रक्तवाहिनीत एखादा लपलेला अडथळा असेल तर तो तेव्हा बोलू लागतो.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं, कारण दर महिन्याला टीएसएच सहा-सात आलेल्यांची पत्रं येतात. ताईंचा टीएसएच ४६ आहे आणि त्यांच्याबद्दल मी जे लिहिलं ते तसंच्या तसं तुम्हाला लागू नाही. टीएसएच दहाच्या आत आणि टी फोर, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, नॉर्मल असेल तर कोलेस्टेरॉल आणि हृदयावरचा परिणाम बराच कमी असतो आणि गोळीने होणारा फायदाही तेवढाच कमी. वय सत्तरीच्या पुढे असेल तर थोडा वाढलेला टीएसएच पुष्कळदा वयाचाच भाग असतो. अशांनी आधी दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करून घ्यावी. शेजारणीला फरक पडला म्हणून तिच्या बाटलीतली गोळी घेऊ नये.

ताई, तीन महिन्यांनी टीएसएच अजून वरच असेल तर कोलेस्टेरॉलचा निर्णय तेव्हाही घेऊ नका, डोस वाढवून आणखी सहा-आठ आठवडे द्या. टीएसएच पट्ट्यात आल्यावर उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल करा. एलडीएल १३०-१४० च्या आसपास उरलं तर बीपी, घरातली हृदयाची दुखणी आणि वय धरून डॉक्टर गोळीचं ठरवतील. कदाचित आहार आणि चालण्यावर भागेल. आणि टीएसएच नॉर्मल असूनही एलडीएल १९० च्या आसपासच राहिलं, तर मात्र ते रक्तात वारशाने आलेलं असू शकतं. तेव्हा स्टॅटिनला नाही म्हणू नका, आणि तुमच्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या.

चैत्रातला गड चुकीच्या वेळी झाला. सध्या रोज वीस-पंचवीस मिनिटं सपाट रस्त्यावर चाला, बोलता येईल एवढ्याच वेगाने. गडावर जायचंच झालं तर ट्रॉलीने जा. नवरात्राच्या सुमारास तुमचा दुसरा इको झालेला असेल. तो आणि बीपीची वही डॉक्टरांना दाखवा आणि पायऱ्यांचं त्यांना विचारून ठरवा.